पूर आला म्हणून करार वाहून जात नाही

"पुरवठादाराचं फोर्स मॅज्युरचं पत्र आलं की विषय संपला. छोट्या कारखानदाराने ते फायलीला लावावं आणि माल दुसरीकडून घ्यावा." लघुउद्योजकांच्या एका बैठकीत एका सल्लागाराने हे ठणकावून सांगितलं आणि समोरच्यांनी माना डोलावल्या. तोटा दुसऱ्याच्या खिशातून जाणार असला की असा सल्ला फार सहज देता येतो.

मुळात करारातलं फोर्स मॅज्युरचं कलम म्हणजे पुरवठादाराला दिलेली सूट आहे, आणि ज्याला सूट हवी त्यानेच आपण तिला पात्र आहोत हे सिद्ध करायचं असतं. नुसतं पत्र म्हणजे पुरावा नव्हे.

समजा, भोसरीतल्या एका प्रेस शॉपने ६८ रुपये किलोने १० टन पत्रा मागवला आहे, पोच १५ जुलैला. १२ तारखेला पत्र येतं : "अतिवृष्टीमुळे पुरवठा अशक्य." पाणी नेमकं कुठे शिरलं? गोदामात, की फक्त रस्ता दोन दिवस बंद होता? रस्ताच बंद असेल तर फार तर मुदत दोन दिवस पुढे जाईल. आणि त्याच आठवड्यात त्याच गोदामातून दुसऱ्या गिऱ्हाइकाला ७९ रुपयांनी पत्रा गेला असेल, तर माल अडला तो पावसामुळे नव्हे, भावामुळे. इंडोनेशियातला कोळसा महागला म्हणून वीजनिर्मिती कंपन्यांनी याच कलमाचा आधार घेतला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. करार पाळणं महाग झालं म्हणजे ते अशक्य झालं असं होत नाही.

हा वाद टाळेबंदीतही झाला. त्या वेळीही सगळे टाळेबंदीकडे बोट दाखवत होते, करार कुणी उघडत नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँकेने विक्रेत्याला पैसे देणं थांबवावं, ही पोलाद आयातदारांची मागणी फेटाळली. एक कारण असं की, त्यांच्या करारातली सूट फक्त विक्रेत्यासाठी होती.

करारात हे कलमच नसेल तर? मग १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५६ उरतं, आणि त्याची कसोटी याहून कडक आहे.

कोर्टात वर्षं जातात हे खरं, पण हिशेबाचं पत्र लिहायला कोर्ट लागत नाही.

म्हणून पुरवठादाराचं पत्र आलं की आधी कराराची प्रत काढा. कलमात पूर किंवा अतिवृष्टी लिहिली आहे का, सूचना किती दिवसांत द्यायची होती, ती वेळेत आली का, हे पाहा. मग पुरवठादाराकडे गोदामातल्या साठ्याची नोंद आणि त्या आठवड्यातल्या माल-रवानगीची कागदपत्रं लेखी मागा. पत्रा बाजारातून वाजवी भावाने घ्या, बिल जपा. ७९ ने घेतला तर किलोमागे ११ रुपये, म्हणजे १० टनांवर १,१०,००० रुपये जास्त गेले. पुरवठादाराला सूट सिद्ध करता आली नाही, तर कलम ७३ खाली हा फरक तुम्हाला मागता येतो. तो मागा.