मिसरीची तलफ आली की…

पाथर्डी तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. वय चौतीस. दिवसातून सहा वेळा मिसरी लावायची सवय (आपल्यापैकी काहीजणी तिला मशेरी म्हणतात). बारा वर्षांची लेक आजीसाठी तव्यावर तंबाखू भाजता भाजता स्वतःही बोट फिरवून पाहू लागली, तेव्हा बाईंनी मिसरी सोडली. पत्र लिहिले तो पाचवा दिवस. "सकाळी परसाकडं जायच्या वेळी अन् चारच्या चहानंतर जीव नुसता कासावीस होतो. कुणावरही खेकसते. ही तलफ अशीच वाढत गेली तर मी कुठवर तग धरू?" असे त्या विचारतात.

बाई, ती वाढत जात नाही. मिसरी भाजलेली असली तरी तंबाखूच. तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. ते थांबल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड, आणि ते तुम्ही काढलेत. चिडचिड, जड डोके, उडालेली झोप हे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. आणि एकेक तलफ घेतली, तर तीही लाटेसारखीच असते. चढते, शिगेला पोहोचते, उतरते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी व्यसन सोडणाऱ्यांना हेच शिकवले, की लाटेशी झुंजू नका, तिच्यावर तरंगा.

तरंगायचे म्हणजे काय? तलफ आली की हातातले काम ठेवून बसा. ती अंगात नेमकी कुठे आहे ते पाहा. दाढेशी शिवशिव होते का? तोंडाला पाणी सुटले का? बोट आपोआप ओठाकडे जाते का? संथ श्वास घेत नुसते पाहत राहा, घड्याळावर नजर ठेवा. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत जोर उतरलेला दिसेल. "नको, नको" म्हणून ती ढकलायला गेलात तर मनात दुसरे काही राहतच नाही. आणि "एकच बोट लावून बघू" म्हटलेत, तर पुढची लाट बोलावून आणलीत म्हणून समजा.

पण प्रत्येक लाट अंगावर घ्यायचे कारण नाही. तुमच्या दोन वेळा तर ठरलेल्याच आहेत. कनवटीची डबी आणि फळीवरची पुडी आजच घराबाहेर काढा. चारचा चहा महिनाभर ओट्यावर नको, कारण तिथे शेजारणींच्या डब्या निघतात. घरात घ्या, कप विसळा आणि लगेच चूळ भरून ब्रश करा. राहता राहिला तव्याचा वास. सासूबाईंना सांगायची भीती वाटते असे लिहिले आहे. त्यांना सोडायला सांगू नका, एवढेच म्हणा, "आत्याबाई, मी रानात गेल्यावर भाजत जा, अन् पोरीला तेवढं भाजायला लावू नका." यात सुनेचा उद्धटपणा कसला?

सकाळचे कोडे निराळे आहे. निकोटीनने आतडी हलतात, म्हणून मिसरीशिवाय पोट साफ होत नाही असे बायांना वाटते. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतेही. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी प्या, अंगणात दहा मिनिटे चाला आणि मग जा. जेवणात पालेभाजी, पेरू, सालीसकट मूग वाढवा. आठवड्या-दोन आठवड्यांत पोटाला नवी वेळ लागते.

बोटालाही काम हवे. ब्रश किंवा कडुनिंबाची काडी चालेल. सुटे काळे दंतमंजन मात्र नको. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण सुट्या पुडीत काय असते ते कोण सांगणार? मिसरीऐवजी सुपारी चघळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. बडीशेप घ्या, लवंग घ्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींची अडचण आणखी वेगळी. फडात भूक मारायला डबी फिरते, तेव्हा फुटाणे-शेंगदाणे पदरात बांधूनच निघावे.

एखादे दिवशी बोट लागलेच, तर मागचे दिवस फुकट गेले असे समजू नका. किती वाजता, कुणाच्या डबीतून, त्याआधी काय झाले होते, एवढे आठवा. दुसऱ्या दिवशी त्या वेळी दुसरीकडे असा.

फारच जड गेले तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. निकोटीनचे च्युइंगगमही मिळते, पण ते डॉक्टरांना विचारून. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय घेऊच नये. मिसरीने पोटातल्या बाळाचे वजन कमी भरते, म्हणून सोडायची घाई मात्र तिनेच आधी करावी.

तुमची दुखरी दाढ मिसरीने बधिर राहत होती, ती आता ठणकेल. त्यावर पुन्हा मिसरी हा इलाज नाही. दाताच्या डॉक्टरांना दाखवा. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तेही त्याच वेळी दाखवून घ्या.