‘मला कुणी खेळायला घेत नाही’

दहा वर्षांचे मूल रोज असे म्हणत घरी परतते, तेव्हा आपण सांगतो, ‘जा, सगळ्यांत मिसळ.’ पण मिसळायचे कसे, हेच त्याला उमगलेले नसते.

शेरी ओडेन आणि स्टीव्हन अ‍ॅशर या अमेरिकी संशोधकांनी 1977 मध्ये तिसरी-चौथीच्या एकट्या पडलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना त्यांनी वर्गमित्रांसोबत नुसते खेळायला बसवले. काहींना मात्र खेळाआधी सांगितले की खेळात लक्ष द्यायचे, पाळी पाळायची, बोलायचे-ऐकायचे, दुसऱ्याला शाबासकी द्यायची. खेळ झाल्यावर त्याची उजळणीही घेतली. अशी शिकवण मिळालेल्या मुलांसोबत खेळायला वर्गमित्र अधिक राजी झाले. नुसते एकत्र बसवून ते साधले नाही.

असा गट गोंदियाच्या एखाद्या मोहल्ल्यातही चालू शकतो. चार-सहा मुले, एक समंजस शिक्षिका आणि आठवड्यातून एक दिवस असरनंतरचा तास, एवढे पुरे. सगळीच रुसणारी किंवा भांडणारी मुले मात्र एकत्र घेऊ नयेत; ती एकमेकांच्याच सवयी उचलतात. दोघे-तिघे मिळून-मिसळून खेळणारे हवेत.

समजा, लगोरी सुरू आहे. आपला मुलगा मध्येच घुसून म्हणतो, ‘असं नसतं खेळायचं, आधी मी!’ पोरे त्याला हाकलतात. गटात हाच प्रसंग खेळून दाखवावा. आधी थोडे दूर उभे राहून पाहायचे की डाव कसा चालला आहे आणि कोणत्या बाजूला गडी कमी आहे. चांगल्या नेमाला ‘वाह!’ म्हणायचे. डाव संपला की विचारायचे, ‘तुमच्याकडे एक कमी आहे, मी येऊ?’ नियम बदलायला सांगायचे नाही. ‘नाही’ म्हटले तर वाद न घालता दुसरीकडे जायचे. शेवटी शिक्षिकेने विचारावे, ‘आज तू कधी थांबलास? मग काय झालं?’

गटात शिकलेले गल्लीत आपोआप उतरत नाही. म्हणून अम्मीने एकाच मुलाला तासभर घरी बोलवावे. ज्यावरून भांडण होईल ती वस्तू आधीच उचलून ठेवावी, मोबाइल बंद ठेवावा आणि खेळ पाहुण्याला निवडू द्यावा. खुणेची गोष्ट एकच: काही आठवड्यांनी त्या घरून उलट बोलावणे येते का?

मुलाला मारहाण होत असेल, किंवा त्याच्या नावावरून, तोतरेपणावरून टवाळी होत असेल, तर चूक त्याची नाही. तिथे मुलाला शिकवून भागत नाही. अब्बू-अम्मीने वर्गशिक्षकांना गाठून ते थांबवायला सांगावे.