‘सर्व ठीक’ या शेऱ्याचे नुकसान

वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात हाताखालच्या कर्मचाऱ्याने आपल्या वरिष्ठाविषयी मत नोंदवावे यासाठी जो रकाना असतो, तो यंदाही असंख्य कर्मचाऱ्यांनी ‘सर्व ठीक’ एवढेच लिहून भरून टाकला, आणि विशेषणांनी भरलेला कागद कोराच असतो हे या स्तंभाचे जुने म्हणणे दुर्दैवाने पुन्हा खरे ठरले.

नुसत्या विशेषणाने काय होते, हे देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिसते. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतील या अधिकाऱ्याच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठाने लिहिलेल्या वार्षिक अहवालात, ‘चांगला’ असा शेरा होता. पदोन्नतीसाठी मात्र पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता, आणि ‘चांगला’ हा प्रतिकूल शेरा मानला जात नसल्यामुळे तो त्यांना कळवलाच गेला नाही. प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे, कारण जे कळले नाही त्यावर निवेदन देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. वरून खाली येणाऱ्या शेऱ्याची ही कसोटी खालून वर जाणाऱ्या शेऱ्यालाही लावली पाहिजे: वाचणाऱ्याला त्यावर उत्तर देता येईल किंवा सुधारणा करता येईल, असे त्यात काही आहे का?

समजा, फुलसावंगीसारख्या गावातील पाच जणांच्या बँकशाखेत खरिपाच्या पीककर्जाच्या दिवसांत कामाची वाटणी रोज सकाळी शाखा उघडल्यावर बदलते. ‘साहेबांना नियोजन जमत नाही’ हा माणसावरचा निकाल आहे, म्हणून तो टोचतो आणि त्यातून बदलायचे काय ते कळत नाही. त्याऐवजी, ‘जूनमध्ये कर्ज-अर्ज तपासणारा कर्मचारी अनेकदा ऐनवेळी रोखीच्या खिडकीवर बसवला गेला, सातबारा घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले, वाटणी आदल्या संध्याकाळी ठरली तर हे टळेल’ या नोंदीत घटना, परिणाम आणि मागणी तिन्ही आहेत, आणि दोष कुठेही झाकलेला नाही. कौतुकाचे वाक्य घालायचे तर तेही असेच घडलेल्या गोष्टीचे असावे, कारण तक्रार गोड करण्यासाठी जोडलेली स्तुती वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

एक मर्यादा मात्र मोठी आहे. निनावी अभिप्रायाला संख्येचा आडोसा लागतो, म्हणून अनेक संस्था किमान तीन किंवा पाच उत्तरे आल्याशिवाय निष्कर्ष वरिष्ठाला दाखवत नाहीत. पाच जणांच्या शाखेत तर घटनेवरूनच लिहिणारा ओळखला जातो. तेथे सही करूनही लिहिता येईल तेवढेच लिहावे, आणि पैशाचा अपहार किंवा लैंगिक छळ यांची तक्रार या रकान्यात न करता दक्षता विभागाकडे किंवा अंतर्गत समितीकडे लेखी द्यावी. ज्यांचे अर्ज अजून जमा झालेले नाहीत, त्यांनी ‘सर्व ठीक’ खोडून तेथे वर्षभरातील एक घटना तारखेसह लिहावी.