शेवटचा डोस आणि शेवटचा श्वास

‘हे देल्लं त मानूस उठतच नाई म्हनतात.’ तेल्हाऱ्याकडच्या घरांत मॉर्फीनची गोळी आली की हे वाक्य कोणी ना कोणी बोलतंच. बोलणारा दुष्ट नसतो. त्याने आजूबाजूला पाहिलेलं असतं की ज्याला मॉर्फीन सुरू झालं तो आठ-दहा दिवसांत गेला. पाहिलेलं खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्या चुकीपायी आपल्याकडची माणसं तळमळत मरतात, म्हणून तो इथे खोडायचा आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. पहिला आक्षेप: मॉर्फीनने श्वास मंदावतो, मग माणूस लवकर जाणारच. दुसरा: सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि शेवटी औषधच मारतं. तिसरा कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांत खोल तोच रुतलेला असतो. गोळी देणारा मुलगा मनात म्हणतो, ‘माह्या हातानं देल्ली, अन् बाबा गेले.’

एक घर डोळ्यांपुढे आणा. साठीतला शेतकरी आहे, वर्षानुवर्षांच्या खर्ऱ्याने गालाचा कॅन्सर झालेला. ऑपरेशन झालं, शेक देऊन झाले, आता गाठ जबड्यात आणि मानेत पसरली आहे. नाकातून नळी घातली आहे. ट्रॅमाडॉल पुरेनासं झालं, रात्री उशीला गाल टेकवत नाही. अकोल्याचे किंवा नागपूरचे डॉक्टर सांगतात की साधी, लवकर विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी चुरून १० मिली पाण्यात कालवा, त्यातलं ५ मिली सिरिंजने नळीतून द्या आणि नळी पाण्याने धुवा. म्हणजे एका वेळी ५ मिलिग्रॅम, दर चार तासांनी. मधेच कळ उठली तर तेवढाच जादा डोस. दिवसाचे झाले ३० मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी तीन जादा डोस लागले, म्हणजे एकूण ४५. म्हणून डॉक्टर फोनवर सांगतात की उद्यापासून दर वेळी साडेसात मिली द्या. डोस असा वाढतो, दुखण्याचा माग काढत, टप्प्याटप्प्याने. जादा डोसची वेळ लिहून ठेवली नाही तर हा हिशेब बसत नाही, म्हणून वही हवी. आणि बारा-चोवीस तास चालणारी गोळी कधीही चुरायची नाही, नाहीतर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते.

आता पहिला आक्षेप. मॉर्फीनने श्वास मंदावू शकतो, हे खरंच आहे. पण ते अचानक होत नाही. थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवलं, तर आधी गुंगी वाढते आणि श्वास त्यानंतर मंदावतो. हाक मारल्यावर डोळे उघडत असतील, ओळख पटत असेल, तर घाबरायचं कारण नाही. हलवूनही जाग येत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास पडत असतील, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. शिवाय वेदना स्वतःच श्वासाला जागं ठेवते, आणि श्वास मंदावण्याच्या परिणामाला शरीर लवकर सरावतं. दम लागलेल्या पेशंटला लहान मात्रेत हेच औषध धाप कमी करण्यासाठी देतात, हे ऐकून लोक चकित होतात. हॉस्पिसमधल्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासांत मोजून वाढवलेल्या डोसने आयुष्य लक्षणीय घटल्याचं दिसलेलं नाही.

धोका कुठे आहे तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं मंडन अर्धवट राहील. मूत्रपिंडं थकली की मॉर्फीनचे अंश अंगात साचतात. लघवी कमी होते, पेशंट बरळतो, हातपाय झटकतात. अशा वेळी डोस कमी करावा लागतो किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं. सोबत दारू किंवा कोणी दिलेली झोपेची गोळी घेतली तर धोका वाढतो. आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या. घरातल्या नातवासाठी त्यातली एकही घातक ठरू शकते.

सवयीच्या आक्षेपाला फार शब्द लागत नाहीत. दुखणं वाढतं म्हणून मात्रा वाढते. एकदम बंद केलं तर शरीर कुरकुरतं, पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. मळमळ आणि झोप तीन-चार दिवसांत बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक हवंच. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या.

राहिला तिसरा. ज्याला दर चार तासांनी औषध चाललं आहे, तो दिवसाच्या कोणत्याही घटकेला गेला तरी कुठल्या ना कुठल्या डोसनंतर चार तासांच्या आतच जाणार. आधीचे शंभर डोस घेऊन तो जगला, ते कोणी मोजत नाही, आणि एकशेएकावा मुलाच्या माथी येतो. अखेरच्या दिवसांत श्वास थांबून-थांबून चालतो, घशात घरघर लागते, हातपाय गार पडतात. हे मॉर्फीन न घेणाऱ्यालाही होतं. आपल्या आज्या-पणज्यांना होतच होतं, तेव्हा घरात कुठलं मॉर्फीन होतं? घरघर ऐकून डोस बंद केला तर मरण थांबत नाही, दुखणं मात्र परत येतं, आणि आता ते सांगायला जाणाऱ्याजवळ शब्द नसतात.

मग ‘सुरू झालं अन् गेला’ हे दिसतं कसं? आपण उशिरा सुरू करतो म्हणून. हा उशीर कसा आला, ते पाहू. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. मॉर्फीन कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचं, ही तिथली रीत होती. मुंबईत तसंच हॉस्पिस, शांती अवेदना आश्रम, १९८६ मध्ये उभं राहिलं. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचा असा गुंता केला की बहुतेक इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला, सरकारी कारखान्यात अफूवर प्रक्रिया होते, आणि तेल्हाऱ्याचा पेशंट मात्र तळमळतो. २०१४ मध्ये कायदा बदलला, नियम सोपे झाले. मनातली भीती तिथेच राहिली. गोळी आणायला अकोटवरून अकोल्याला जावं लागतं, घरचे ‘आता नको, अगदी शेवटी पाहू’ म्हणतात, आणि शेवटी सुरू केलेलं औषध शेवटचं ठरतं. त्यातून पुढच्या घराची भीती आणखी पक्की होते.

इच्छामरणाशीही याची गल्लत होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याविषयी जो निकाल दिला, तो वेगळा विषय आहे. इथे कोणी काही थांबवत नाही. दुखणाऱ्याला दुखणं थांबेल एवढंच औषध दिलं जातं. ते न देणं हाही घरच्यांनी घेतलेला एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: आत्ताचं दुखणं साध्या गोळ्यांनी आटोक्यात आहे का, मॉर्फीन कधी सुरू करायचं, सोबत रेचक कोणतं, आणि रात्री दोनला फोन कोणाला करायचा. आणि गोळी देणारा जो भाऊ किंवा सून असेल, तिला किंवा त्याला आजच सगळ्यांसमोर सांगा की हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय.