भिजलेलं वर ठेवा

परिपाठात बोधकथेला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात सांगून होईल अशी एक गोष्ट आम्ही या महिन्यात सावंतवाडीच्या मुलांसाठी देत आहोत. मूल्य आहे व्यवहारातला प्रामाणिकपणा.

मुलांनो, एकदा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात होते. एका विक्रेत्यापुढे धान्याची रास होती. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. त्यांनी विचारलं, ‘‘हे काय?’’ तो म्हणाला, ‘‘अल्लाहचे रसूल, पावसाने भिजलं.’’ त्यावर ते म्हणाले, मग लोकांना दिसेल असं ते वर का ठेवलं नाही? जो फसवतो, तो माझा नव्हे. ही हदीस हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितली असून ती सहीह मुस्लिममध्ये आहे.

आता नीट पाहा. पाऊस पडला, हा त्या माणसाचा दोष नव्हता. भिजलेलं धान्य विकायला आणलं, म्हणूनही त्याला कुणी रागावलं नाही. चूक एवढीच, की ओलं खाली गेलं आणि कोरडं वर आलं.

आपल्याकडे काजूच्या हंगामात हीच वेळ येते. बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी लागते. अवकाळी पाऊस आला की ती ओली राहते. ओली बी वजनाला जास्त भरते, पण साठवली की तिला बुरशी धरते. वाळलेली बी हातात हलवली तर आतला गर खुळखुळतो, ओली गप्प राहते. पोत्यात वरचा थर वाळलेला आणि खाली ओली बी असेल, तर घेणाऱ्याला काय कळणार? ‘‘ही ओली आहे,’’ असं सांगितलं तर भाव कमी मिळेल, हे खरं. तरीही सांगायचं, कारण ओलीचा भाव ओलीलाच मिळायला हवा.

शाळेतही रास असतेच. जुनं पुस्तक धाकट्या मुलाला देताना त्यातली दोन पानं फाटलेली असतील, तर ती आधी उघडून दाखवा. गटाने केलेल्या प्रकल्पात आपला भाग राहिला असेल, तर बाईंनी विचारण्याआधी सांगा.

ही गोष्ट ऐकून काही मुलं दुसऱ्याच्या चुका शोधायला लागतात. तसं करू नका. बाजारातल्या लोकांची जबाबदारी प्रेषितांवर (स.) होती, आणि त्यांनीही आधी विचारलं, मग सांगितलं. आपण आपल्याच राशीत हात घालायचा.

गुरुजनांना आणि पालकांना एक विनंती. ‘‘हे काय?’’ या प्रश्नापाशी क्षणभर थांबा आणि मुलांना विचारा, त्या माणसाने आता काय करावं? बहुतेक मुलं म्हणतील, धान्य फेकून द्यावं. मग त्यांना सांगा, फेकायचं नाही, वर ठेवायचं.