गच्चीवरील ऊन आणि स्नानगृहातील नळ

सांगलीसारख्या गावातील एक व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गच्चीवर दोनशे लिटरचा सौर बंब, खाली दोन स्नानगृहे, घरात आजी, दोन मुलगे, सुना आणि तीन वर्षांचा नातू. मे महिन्यात सारे कुटुंब चार दिवस कुंभोजला जाऊन येते. परतल्यावर आजी नातवाला स्नान घालण्यासाठी बादली भरू लागतात. घरात नेमका धोक्याचा क्षण हाच असतो. कारण चार दिवस बंबातील पाणी कोणी वापरलेले नाही आणि ऊन मात्र रोज त्यात उष्णता साठवीत राहिले आहे. असे पाणी सहज ८० अंशांवर गेलेले असू शकते.

स्नानाला सुमारे ४० अंशांचे पाणी पुरते. जानेवारीत बंबाचे पाणी ५० अंश आणि टाकीचे गार पाणी २० अंश असेल, तर वीस लिटरच्या बादलीत सुमारे तेरा लिटर गरम आणि सात लिटर गार पाणी घ्यावे लागते. हाताला हेच प्रमाण सवयीचे होते. मे महिन्यात गरम पाणी ८० आणि गार पाणी २८ अंश असते. तेव्हा वीस लिटरला साडेचार लिटर गरम पाणी पुरेसे होते. आजींनी हिवाळ्याच्या सवयीने बादली दोन तृतीयांश गरम पाण्याने भरली, तर बादलीतील पाणी ६३ अंशांच्या घरात जाईल. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढाची कातडीही काही सेकंदांत भाजते. बालकाची आणि वृद्धाची कातडी पातळ असल्याने त्याहून लवकर.

यावर पुष्कळांचे उत्तर असते, ‘बंबाचा थर्मोस्टॅट ५० वर ठेवला आहे, मग भीती कशाची?’ येथेच गैरसमज आहे. तो थर्मोस्टॅट पावसाळ्यासाठी बसविलेल्या विजेच्या कॉइलचा असतो. पाणी ५० अंशांवर पोहोचताच तो वीज बंद करतो. सूर्याला तो थांबवू शकत नाही. त्याचे खरे काम ढगाळ दिवसांत दिसते. दोनशे लिटर पाणी १० अंशांनी तापविण्यास सुमारे सव्वादोन युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून कॉइल रात्रभर चालू न ठेवता पहाटे, स्नानापूर्वी आवश्यक तेवढा वेळ, टायमरने लावावी. संध्याकाळी लावल्यास रात्रभर उष्णता वाया जाते. घरात गॅस गिझर किंवा तात्काळ तापविणारा गिझर असल्यास त्यात बंबाचे गरम पाणी सोडण्यापूर्वी तो त्यासाठी योग्य आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

भाजण्यापासून खरे संरक्षण नळाजवळच द्यावे लागते. त्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह मिळतो. गरम व गार पाणी त्यात एकत्र होते आणि आतील मेणाचा भाग उष्णतेने प्रसरण पावून गरम पाण्याची वाट आवळतो. तो ४२ अंशांच्या आसपास लावावा. नुसता मिक्सर नळ हे काम करीत नाही; कोणी शेजारच्या स्नानगृहात फ्लश ओढला की गार पाण्याचा जोर कमी होतो आणि शॉवरखाली उभ्या माणसावर एकाएकी कढत पाणी येते. चांगला व्हॉल्व्ह अशा वेळी गरम पाणी आवळतो, आणि गार पाणी पूर्ण थांबल्यास तेही थांबवितो. मात्र दोन्ही नळ्यांतील दाब जवळपास सारखा हवा. गार पाणी पंपाने आणि गरम पाणी केवळ टाकीच्या उंचीने येत असेल, तर मिश्रण नीट होत नाही. दोन्हींचा उगम गच्चीवरील एकाच टाकीतून असावा आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असावेत. ते नसल्यास गरम पाणी गार नळीत शिरते. स्वयंपाकघरातील गार नळाला सकाळी कोमट पाणी येऊ लागले, तर हीच खूण समजावी.

क्षारयुक्त पाण्यात व्हॉल्व्ह अडकतो. म्हणून महिन्यातून एकदा शॉवर चालू ठेवून त्याच्या गार पाण्याची चावी बंद करावी. शॉवर काही सेकंदांत जवळजवळ थांबला पाहिजे. न थांबल्यास प्लंबरकडून जाळी व आतील भाग स्वच्छ करवावा. या चाचणीच्या वेळी शॉवरखाली कोणी उभे असू नये.

व्हॉल्व्ह बसेपर्यंत एक नियम पुरे. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम सोडावे, आणि नळीतील थंड पाणी संपून खरे कढत पाणी येण्यास थोडा वेळ लागतो, हे लक्षात ठेवून चावी हळूहळू उघडावी. पाणी ढवळून कोपराने पाहिल्यावरच नातवाला बादलीजवळ आणावे.