‘मग’ आणि ‘म्हणून’

कपाशीच्या वेचणीचे दिवस असूनही परवाच्या रविवारी आमच्या ओसरीवर आठ जण जमले. सगळ्यांची ‘बनगरवाडी’ वाचून झाली होती. आठांतल्या पाच जणांनी अख्खी कादंबरी आयुष्यात पहिल्यांदाच संपवली होती. आता या पुस्तकाबद्दल बोलायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसणारा मुलगा पहिल्यांदा बोलला. “सर, मास्तर वाडीत येते, शाळा भरवते, तालीम बांधते, दुष्काळ पडते, मास्तर चालला जाते. कथानक इतकंच हाये न?”

तो चुकीचं काही बोलला नव्हता, पण त्यानं सांगितली ती गोष्ट. कथानक वेगळं. दोष त्याचा नाही. मराठीत आपण ‘कथानक’ हा शब्द दोन्हींसाठी सैलपणे वापरतो. सिनेमा पाहून आलेल्याला “कथानक काय आहे?” असं विचारतो आणि उत्तरात घटनांची यादी ऐकून घेतो. गप्पांत तेवढ्यानं भागतं. कादंबरीवर चर्चा करायची असली की मात्र भागत नाही, कारण यादी सांगून झाली की चर्चेला काही उरतच नाही.

मी त्याला आपल्याच गावातली दोन वाक्यं दिली. ‘बोंडअळीनं कपाशी गेली. मग लेकीचं लग्न पुढं ढकललं.’ ही गोष्ट: आधी हे झालं, नंतर ते झालं. आता ‘मग’ काढून ‘म्हणून’ ठेवा. ‘बोंडअळीनं कपाशी गेली, म्हणून लेकीचं लग्न पुढं ढकललं.’ घटना त्याच दोन, पण आता त्या एकमेकींना बांधल्या गेल्या. ऐकणारा पुढचे प्रश्न विचारू लागतो. कर्ज किती होतं? मुलाकडच्यांना काय सांगितलं? मुलीला कुणी विचारलं का? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवरच्या व्याख्यानांत राजा-राणीच्या मरणाचा दाखला देऊन हाच फरक सांगितला होता. काळाचा क्रम म्हणजे गोष्ट आणि कारणाचा धागा म्हणजे कथानक. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी नव्या वाचकाच्या हाती देण्याजोगं याहून सोपं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

मग आम्ही वहीच्या पानावर त्या मुलाचीच यादी लिहिली आणि प्रत्येक दोन घटनांच्या मध्ये जागा सोडली. त्या जागेत ‘म्हणून’ बसतो का, हे पाहायचं. काम सोपं वाटतं, पण वाचकाला पुस्तकात परत पाठवणारं आहे.

एक जागा जरा जवळून दाखवतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. माणदेशातली धनगरांची वाडी, काळ संस्थानी. तरुण मास्तर तिथल्या शाळेवर येतो. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या आधारानं शाळेत पोरं येऊ लागतात. मास्तर लिहिता-वाचता येणारा माणूस आणि त्याचं बाजाराच्या गावी जाणं-येणं, त्यामुळे वाडीतले लोक त्याला आपापली कामं सांगू लागतात. त्यांतलंच एक काम म्हणजे कारभाऱ्याच्या लेकीची, अंजीची चोळी शिवून आणायची. मास्तर ती आणून देतो. वाडीतलाच दादू बालट्या या एवढ्याशा गोष्टीचा भलताच अर्थ लावतो, तो कारभाऱ्याच्या कानावर जातो आणि म्हातारा दुखावतो.

आमच्यातल्या बहुतेकांनी हा प्रसंग ‘मग’च्या खाली टाकला होता. मग चोळीचं प्रकरण झालं, मग कारभारी रागावला. अंगणवाडीत काम करणाऱ्या काकू मात्र थांबल्या. त्या म्हणाल्या, “पन मास्तरनं चोळी आनलीच कायले? तो तं साऱ्याइचेच कामं करत होता, म्हनून आनली न?” नेमकं इथेच कथानक हाती लागलं. वाडीनं मास्तरला आपलं मानलं ते त्यानं लोकांची कामं केली म्हणून आणि त्याच्यावर संशयाची सावली पडली तीही तशाच एका कामातून. ज्या वाटेनं विश्वास आला त्याच वाटेनं घात झाला. यादीत हे दिसत नाही. यादीत चोळी हा निव्वळ मधला एक किस्सा असतो, वगळला तरी चालेल असा. ‘म्हणून’नं बांधलं की तो वगळता येत नाही. वगळून पाहा, मास्तर आणि वाडी यांच्यातलं नातं किती नाजूक होतं ते कळायचं राहूनच जातं.

आता अडचणीची जागा. तालीम आणि दुष्काळ. मास्तर पोरांसाठी तालीम बांधायची कल्पना काढतो, वाडी राबते, तालीम उभी राहते, राजा येऊन जातो. पुढं पाऊस दगा देतो आणि वाडी ओस पडत जाते. इथे ‘म्हणून’ कसा बसणार? तालीम बांधली म्हणून काही दुष्काळ पडत नाही. काट्यावरच्या मुलानं इथे पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “इथं तं कथानकच नाही, सर.”

‘बनगरवाडी’ला कथानक नाही असं पुष्कळ वाचक म्हणतात. ती प्रसंगांच्या माळेसारखी वाटते, हे खरंच आहे. पण ‘म्हणून’ बसत नाही तिथे दुसरी एक गोष्ट करून पाहावी, ती म्हणजे घटनांची जागा बदलणं. समजा दुष्काळ आधी पडला असता, लोक मेंढरं घेऊन गेले असते, पावसाबरोबर परतले असते आणि तालीम शेवटी बांधली असती. माणसं तीच, घटनाही त्याच, पण ते पुस्तक वाडीच्या विजयाचं झालं असतं. माडगूळकरांनी वाडीला आधी तिच्या सर्वांत उंच क्षणी नेलं आणि मग रिकामं केलं. पावसानं दगा देण्यामागचं कारण पुस्तकाच्या बाहेर आहे, पण त्या दुष्काळाला दिलेली जागा लेखकानं निवडलेली आहे. ही निवडही कथानकाचाच भाग. फॉर्स्टरच्या व्याख्येत ती नीट मावत नाही, म्हणून एकट्या ‘म्हणून’च्या भरवशावर राहू नये. आधी कारण शोधावं, कारण नसेल तर जागा हलवून पाहावी. जागा हलवल्यानंही काही बिघडत नसेल, तर तो प्रसंग खरोखरच सैल आहे. तसं म्हणायलाही वाचकानं कचरू नये.

एव्हाना दिवेलागण झाली होती आणि निवृत्त गुरुजींचा चहा पिऊन झाला होता. त्यांनी विचारलं, “तर मग या कादंबरीतून बोध काय घ्यायचा?” हा प्रश्न येणारच होता. शाळेत प्रत्येक धड्याखाली तो छापलेला असायचा आणि आपण फळ्यावरच्या सुविचारासारखं एका ओळीत उत्तर लिहायचो. उत्तरही त्यांनीच दिलं: “शिक्षणाने गाव सुधारते.”

मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की गुरुजी, हे वाक्य हातात धरून शेवटच्या पानापर्यंत चालत जाऊ. शाळा सुरू झाली, वाक्य उभं आहे. तालीम झाली, वाक्य आणखी भक्कम झालं. मग दुष्काळ आला, माणसं गेली, पोरं गेली, मास्तरही गेला. वाक्य आडवं पडलं. पुस्तकाचा शेवटच ज्या वाक्याला खोटं पाडतो, ते त्या पुस्तकाचं म्हणणं कसं असेल? तेव्हा एक जण म्हणाला, “मग निसर्गापुढं मानसाचं काही चालत नाही, असं लिवा.” हे वाक्य शेवटाशी जुळतं, पण मधल्या पानांशी नाही. एवढंच सांगायचं असतं, तर चोळीचं प्रकरण लिहायची गरजच काय होती?

संदेश आणि आशयसूत्र यांतला फरक इथे दिसतो. संदेश हे पुरं झालेलं वाक्य असतं. त्यात बहुधा ‘करावे’ किंवा ‘करू नये’ लपलेलं असतं आणि पुस्तक न वाचताही ते कुणाला पटू शकतं. आशयसूत्र म्हणजे पुस्तक वेगवेगळ्या प्रसंगांतून पुन्हा पुन्हा ज्याच्याकडे वळतं तो प्रश्न. त्याचं उत्तर एका ओळीत मिळेलच असं नाही. पण याच्या उलट टोकालाही चूक होते. “या कादंबरीचं सूत्र माणुसकी,” असं कुणी म्हटलं, तर ते सूत्र नव्हे, नुसता विषय झाला. माणुसकी निम्म्या मराठी कादंबऱ्यांना लावता येते. सूत्र असं मांडता यायला हवं, की ते या पुस्तकाला बसेल आणि शेजारच्या पुस्तकाला बसणार नाही.

आम्ही बराच वेळ घालवून एक मांडणी केली: बाहेरचा माणूस एखाद्या गावाचा कधी होतो, आणि पाऊसच ज्या गावाला टिकू देत नाही तिथे हे ‘आपलं होणं’ किती दिवस पुरतं? ही मांडणी शेवटची मानू नये. पण तिच्यात चोळी बसते, तालीम बसते, शेवटचं रितेपण बसतं.

मग तिची कसोटी लावायला आम्ही सर्वांत आडवळणाचा प्रसंग घेतला. वाडीतल्या शेकूला पेरणीच्या वेळी दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको स्वतः बैलाच्या जोडीला उभी राहते. मास्तरच्या गोष्टीशी तिचा थेट संबंध नाही. ‘शिक्षणाने गाव सुधारते’ या वाक्यात तिला जागाच नव्हती. आमच्या मांडणीत ती बसते का? वाडी एकमेकांची असूनही गरजेला बैल मिळत नाही आणि मातीशी बांधलेली बाई जुवाखाली येते. आपलेपणाची हद्द कुठे संपते ते तिथे दिसतं. मला ती बसते असं वाटतं. गुरुजींना अजून वाटत नाही आणि त्यांनी त्या पानांवर खूण घालून पुस्तक घरी नेलं आहे.

गुरुजींच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. काही पुस्तकं उघडपणे शिकवण्यासाठीच लिहिलेली असतात. ‘श्यामची आई’ तशीच आहे आणि तिच्यात बोध शोधण्यात काही गैर नाही. पण तिथेही बोध लिहून झाल्यावर एक प्रश्न विचारून पाहावा: ही आई एवढी शिकवते आहे, ती कोणत्या ओढगस्तीत? ती गरिबी आणि त्या गरिबीतही ताठ राहणारा तिचा मान यांच्याकडे पाहिलं, की बोधाच्या खालून आणखी काही दिसू लागतं.

पुढच्या महिन्यात आम्ही उद्धव शेळक्यांची ‘धग’ घेतली आहे. तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, त्यामुळे काकू खूश आहेत.

निघताना काकूंनी दारात चप्पल घालता घालता विचारलं, “मास्तर गेल्यावर त्या तालमीत कोन रायलं असन?”

“ते पुस्तकात नाही, काकू.”

“पुस्तकात नाही, पन झालं तं असनच न काही,” त्या म्हणाल्या आणि मोबाइलचा उजेड पुढे धरून हायवेच्या बाजूनं घराकडे निघाल्या.